नवीन मॉनिटरच्या कोपऱ्यातून उजेड येतोय? बदलून मागण्याआधी हे तपासा

ऑनलाइन सेल संपला की आठवड्याभरात ओळखीतल्या कुणाकडून तरी तोच फोटो येतो. अंधारी खोली, काळा स्क्रीन आणि चारही कोपऱ्यांतून पिवळट पांढरा उजेड. खाली प्रश्न ठरलेला: "पीस खराब आला का? परत करू का?" पुष्कळजण उत्तराची वाट न पाहता रिप्लेसमेंट टाकून मोकळे होतात. दुसरा पीस येतो, त्यातही तोच उजेड. तेवढ्यात परतीची मुदत संपते, आणि दोन महिन्यांनी लक्षात येतं की स्क्रीनची एक बाजू पिवळट आहे. तोवर उशीर झालेला असतो.

म्हणून हे थोडं सविस्तर लिहितो. नवीन मॉनिटरमध्ये तीन गोष्टी बघायच्या असतात: कडांतून गळणारा उजेड म्हणजे बॅकलाइट ब्लीड, मेलेले किंवा अडकलेले पिक्सेल, आणि स्क्रीनभर उजेड सारखा पसरलाय की नाही. पिक्सेलचं काम दहा मिनिटांचं. खरा गोंधळ पहिल्या गोष्टीत होतो, आणि तिसरी गोष्ट कुणी बघतच नाही.

मुदत कुठून मोजायची

ऑर्डरच्या पानावर शेवटची तारीख लिहिलेली असते, ती आधी बघा. ती डिलिव्हरीच्या दिवसापासून मोजतात, तुम्ही खोका उघडला त्या दिवसापासून नाही. मॉनिटरसारख्या वस्तूंना बरेचदा पैसे परत मिळत नाहीत, फक्त बदली पीस मिळतो. काही विक्रेते आधी तंत्रज्ञ पाठवून खात्री करतात, आणि तो यायलाच दोन-तीन दिवस जातात. त्यामुळे सात दिवसांची मुदत असली तरी तुमच्या हातात खरे तीन-चारच दिवस आहेत असं धरा. खोका येईल त्या दिवशीच उघडा. उघडताना सलग व्हिडिओ काढा आणि त्यात खोक्यावरचं सिरीयल नंबरचं लेबल स्पष्ट दिसू द्या. थर्माकोल आणि पिशव्या मुदत संपेपर्यंत फेकू नका.

नागपुरात सीताबर्डीच्या दुकानातून घेत असाल तर तिथलं गणित वेगळं. बिल फाटलं की बहुतेक ठिकाणी "आता सर्व्हिस सेंटरला न्या" हेच ऐकायला मिळतं. म्हणून खाली दिलेली फाइल पेनड्राइव्हवर घेऊन जा आणि काउंटरवरच पिक्सेल तपासा. ट्यूबलाइटच्या झगझगाटात ब्लीड दिसणार नाही, पण मेलेला पिक्सेल नक्की दिसेल. दुकानदार थोडं तोंड वाकडं करेल, करू द्या.

आधी सेटिंग, मग तपासणी

मॉनिटर लावल्या लावल्या तपासू नका. किमान अर्धा तास चालू राहू द्या. बॅकलाइट तापून स्थिर व्हायला तेवढा वेळ लागतोच, आणि आतले प्रकाश पसरवणारे पातळ पत्रे उष्णतेने किंचित फुगतात, त्यामुळे पहिल्या पाच मिनिटांत दिसलेला डाग नंतर फिका होऊ शकतो किंवा वाढूही शकतो. नागपूरच्या मे महिन्यात आणखी एक काळजी घ्या. बऱ्याच मॉनिटरच्या पुस्तिकेत वापराचं तापमान 40 अंशांपर्यंतच दिलेलं असतं. कुरियरच्या गाडीत दुपारभर भाजून आलेला खोका सावलीत दोन-तीन तास ठेवा, मग लावा. आणि कूलरच्या थेट झोताखाली मॉनिटर मांडू नका, त्या हवेत पाणी असतं.

आता मॉनिटरच्या मेनूत शिरा. `Dynamic Contrast`, `Eco`, `Local Dimming` अशा नावांचं जे काही दिसेल ते बंद करा. ही सोय चालू असली की पूर्ण काळा स्क्रीन आल्याबरोबर मॉनिटर स्वतःच बॅकलाइट मंद करतो किंवा विझवतो. मग तुम्हाला वाटतं, वा, ब्लीड अजिबात नाही. प्रत्यक्षात ते फक्त लपलेलं असतं. याच्या उलट गंमत एचडीआरची. विंडोजमध्ये `Settings > System > Display` मध्ये `HDR` चालू असेल तर कित्येक स्वस्त मॉनिटर बॅकलाइट पूर्ण जोरात लावतात, आणि आहे त्यापेक्षा दुप्पट उजेड गळल्यासारखा भासतो. तेही बंद. `Night light` सुद्धा बंद, नाहीतर पांढरा रंग पिवळट दिसणारच आणि तुम्ही पॅनेलला दोष द्याल.

ब्राइटनेस 100 वर ठेवून तपासणारे पुष्कळ आहेत. रात्रीच्या वेळी घरात कुणी 100 वर काम करत नाही, डोळे दुखतात. तुम्ही रोज जेवढा ठेवता तेवढाच ठेवा. अंदाज नसेल तर 30 ते 40 च्या आसपास सुरुवात करा.

एक तपासणी मात्र ब्लीडकडे वळायच्या आधीच उरकून टाका. पूर्ण काळा स्क्रीन कोपऱ्यांत नव्हे तर सगळीकडे सारखाच राखाडी दिसत असेल, तर तो ब्लीड नाही. एचडीएमआयवर बरेचदा संगणक टीव्हीसाठीची तोकडी रंगपट्टी पाठवतो आणि मॉनिटर पूर्ण पट्टीची अपेक्षा धरून बसलेला असतो. त्यामुळे काळा कधी पुरता काळा होतच नाही. एनव्हिडियाच्या कंट्रोल पॅनेलमध्ये `Output dynamic range` हे `Full` करा, एएमडीत `Pixel Format` मध्ये `Full RGB` लिहिलेला पर्याय निवडा. तेवढ्यावर काळा काळा झाला तर अर्धी तक्रार तिथेच मिटली.

तपासायची फाइल

यासाठी वेगळं सॉफ्टवेअर लागत नाही. नोटपॅडमध्ये खालचा मजकूर टाका, `test.html` या नावाने जतन करा (जतन करताना प्रकार `All files` निवडा), ब्राउझरमध्ये उघडा आणि `F11` दाबा. मॉनिटर त्याच्या मूळ रिझोल्यूशनवर आहे ना, तेवढं बघा. प्रत्येक क्लिकला रंग बदलतो.

```html
<body style="margin:0;height:100vh;background:#000;cursor:none">
<script>
const c=['#000','#fff','#f00','#0f0','#00f','#808080','#0d0d0d'];
let i=0;
document.body.onclick=()=>{
  document.body.style.background=c[++i%c.length];
};
</script>
</body>
```

काळा, पांढरा, लाल, हिरवा, निळा, मग मधला राखाडी आणि शेवटी जवळजवळ काळा वाटणारा गडद राखाडी, असा क्रम आहे.

ब्लीड की ग्लो

आयपीएस प्रकारच्या पॅनेलमध्ये काळ्या स्क्रीनवर कोपऱ्यांत जो उजेड दिसतो, त्यातला बराचसा ब्लीड नसतोच. तो आयपीएसचा स्वभाव आहे, त्याला ग्लो म्हणतात. या पॅनेलमधले द्रवस्फटिक समोरून सरळ पाहिलं तर बॅकलाइट नीट अडवतात, पण तिरपं पाहिलं की थोडा उजेड निसटतो. आता 27 इंची मॉनिटर घ्या. तुम्ही मधोमध 60 सेंटिमीटरवर बसलात तर कोपरा तुमच्या नजरेपासून जवळपास 30 अंश तिरपा पडतो. म्हणजे मध्य तुम्ही सरळ पाहताय आणि कोपरे तिरपे, त्यामुळे कोपरे उजळ दिसणारच. मॉनिटर जितका मोठा आणि खुर्ची जितकी जवळ, तितका ग्लो जास्त. बदली पीस त्याच मॉडेलचा असेल तर त्यातही हा येणार. रिप्लेसमेंटच्या चकरा बहुतेक इथेच सुरू होतात.

ब्लीडची गोष्ट निराळी. चौकटीचा किंवा मागच्या पत्र्याचा दाब एखाद्या जागी जास्त पडला, किंवा थर नीट बसले नाहीत, की तिथून बॅकलाइटचा उजेड खरोखरच बाहेर झिरपतो. तो पॅनेलच्या त्या जागेचा दोष असतो, त्यामुळे तुम्ही कुठूनही पाहा, जागा बदलत नाही.

ओळखायची रीत यातूनच निघते. रात्री खोलीतले सगळे दिवे बंद करा, रस्त्यावरचा दिवा आत येत असेल तर पडदा ओढा. काळा स्क्रीन लावून आधी नेहमीच्या जागी बसून बघा. मग खुर्ची मागे सारून किंवा उभं राहून साधारण दोन मीटर, म्हणजे साडेसहा फुटांवर जा आणि डोळे स्क्रीनच्या मध्याच्या उंचीवर ठेवा. तिथून तोच कोपरा फक्त दहाएक अंश तिरपा राहतो. जो उजेड मागे गेल्यावर विरला तो ग्लो. जो तसाच राहिला तो ब्लीड. 10 बाय 10 च्या खोलीत मागे जायला जागा नसेल तर पुढे जाऊन त्या कोपऱ्याच्या अगदी समोर डोकं न्या. त्या कोपऱ्यातला उजेड नाहीसा होऊन पलीकडच्या कोपऱ्यात वाढला, तर तोही ग्लोच. ग्लो तुमच्या डोक्याबरोबर सरकतो, ब्लीड जागचा हलत नाही.

रंगानेही थोडा अंदाज येतो. ग्लो मोठा, पसरट, कडा नसलेला असतो, आणि कोपऱ्यागणिक त्याची छटा निळसर-चंदेरी किंवा पिवळसर होते. ब्लीड बहुतेक चौकटीला चिकटून असतं, टॉर्च मारल्यासारखं एका बिंदूपासून आत पसरतं. पण रंगावरून निकाल देऊ नका, जागेवरूनच द्या.

खरं ब्लीड सापडलं तरी लगेच तक्रार टाकू नका. खोलीत एक टेबललॅम्प लावा, एखादा व्हिडिओ वरखाली काळ्या पट्ट्यांसह चालवा आणि नेहमीच्या अंतरावर बसा. पट्टीत तो डाग नजरेत खुपत असेल तर बदली मागणं रास्त आहे. मिट्ट अंधारात, पूर्ण काळ्या स्क्रीनवर, डोळे फाडून पाहिल्यावरच दिसत असेल तर सोडून द्या. पूर्णपणे ब्लीड नसलेला एलसीडी मॉनिटर त्या किमतीत शोधत बसलात तर तीन पीस फिरवूनही मिळेलच असं नाही.

व्हीए पॅनेलचा काळा मुळातच जास्त गडद असतो, त्यामुळे तिथे ग्लो फारसा छळत नाही, पण ढगांसारखे धूसर पट्टे दिसू शकतात. टीएन पॅनेलचा वरचा भाग गडद आणि खालचा फिका दिसतो, ते बघण्याच्या कोनामुळे. ओएलईडीत बॅकलाइटच नसतो, म्हणून ब्लीडचा प्रश्नच येत नाही. तिथे गडद राखाडीवर उभे पट्टे शोधा.

फोटोवर विश्वास ठेवू नका

मोबाइलचा कॅमेरा अंधार दिसला की स्वतःच एक्सपोजर वाढवतो. नाइट मोड असेल तर दोन-तीन सेकंद उजेड गोळा करतो. डोळ्याला जेमतेम जाणवणारा उजेड त्या फोटोत आग लागल्यासारखा दिसतो. असे फोटो बघून घाबरलेले लोकच सर्वात जास्त सापडतात.

विक्रेत्याला पुरावा द्यायचाच आहे तर प्रो मोड वापरा. आयएसओ 200 आणि शटर 1/15 सेकंदापासून सुरुवात करा, व्हाइट बॅलन्स एका आकड्यावर बांधा आणि शटर कमीजास्त करत फोटो डोळ्याला दिसतं तसा होईपर्यंत आणा. कॅमेरा दोन मीटरवर, अगदी समोर. त्याहून पटणारा पुरावा म्हणजे व्हिडिओ: एक्सपोजर लॉक करून मोबाइल डावीकडून उजवीकडे हळूहळू न्या. उजेडाचा डाग जागचा हलला नाही हे त्यात स्वच्छ दिसतं, आणि तंत्रज्ञाला "हा तर ग्लो आहे" म्हणता येत नाही. फोटोत आडवे काळे पट्टे आले तर भिऊ नका, बॅकलाइटची लुकलुक आणि कॅमेऱ्याचं शटर यांचा तो मेळ न बसलेला असतो.

पिक्सेल

कोरड्या मायक्रोफायबरने स्क्रीन पुसून घ्या. नागपुरात एप्रिलनंतर टेबलावर रोज धूळ बसते, त्यातला कण पिक्सेल समजून तक्रार केलेली मी पाहिली आहे. मग फुटभर अंतरावर बसून डावीकडून उजवीकडे पट्ट्या पाडल्यासारखी नजर फिरवा.

2560 बाय 1440 च्या मॉनिटरवर 36,86,400 पिक्सेल असतात आणि प्रत्येकात लाल, हिरवा, निळा असे तीन उपपिक्सेल. पांढऱ्यावर काळा ठिपका दिसला तर तो पिक्सेल मेलेला. काळ्यावर लाल, हिरवा किंवा निळा ठिपका चमकला तर तो उपपिक्सेल चालू अवस्थेत अडकलेला. फक्त हिरव्या स्क्रीनवरच काळा ठिपका दिसतो आणि लाल-निळ्यावर दिसत नाही, असं झालं तर तिथला एकटा हिरवा उपपिक्सेल गेला आहे. म्हणूनच तिन्ही रंग बघायचे.

ठिपका सापडला की भिंगातून बघा. घड्याळजीच्या भिंगाने उत्तम दिसतं. पिक्सेलचा दोष जाळीच्या चौकटीत नेमका बसलेला, काटेकोर कडांचा असतो. आतल्या थरात अडकलेली धूळ वेडीवाकडी, पुसट आणि एकाहून जास्त पिक्सेलवर पसरलेली दिसते. दोन्ही दोषच आहेत, पण तक्रारीत नाव बरोबर लिहा. जागा पट्टीने मोजून लिहा, "डावीकडून 31 सेंटिमीटर, वरून 12 सेंटिमीटर" अशी, म्हणजे तंत्रज्ञाला शोधत बसावं लागत नाही.

एक ठिपका निघाला म्हणजे बदली मिळतेच असं नाही. प्रत्येक कंपनीचं पिक्सेल धोरण असतं, किती आणि कोणत्या प्रकारचे दोष चालवून घ्यायचे ते त्यात लिहिलेलं असतं, आणि चमकणाऱ्या ठिपक्याला साधारणतः काळ्यापेक्षा कडक वागवतात. पण ते धोरण कंपनीच्या वॉरंटीचं. विक्रेत्याच्या परतीच्या मुदतीत नियम बरेचदा सैल असतात. म्हणूनच ही तक्रार मुदतीतच करायची. रंग भराभर बदलणारे व्हिडिओ लावून अडकलेला उपपिक्सेल कधीकधी सुटतो, मेलेला सुटत नाही. त्या प्रयोगात मुदतीचे दिवस घालवू नका आणि बोटाने दाबून तर मुळीच बघू नका.

राखाडी स्क्रीन आणि अथर्वचा मॉनिटर

आता जी गोष्ट कुणी बघत नाही तिच्याकडे. माझा भाचा अथर्व आर्किटेक्चरला आहे, राहायला त्रिमूर्तीनगरला. त्याने 27 इंची आयपीएस मॉनिटर मागवला, 2560 बाय 1440 चा. त्याच रात्री फोन: "मामा, खालचा उजवा कोपरा पूर्ण जळून राहिला, पाहा ना फोटो." फोटो नाइट मोडमधला होता. गेलो तर एचडीआर चालू, ब्राइटनेस 100 वर.

एचडीआर बंद केलं, ब्राइटनेस 35 वर आणला, अर्धा तास चहात घालवला. मग काळा स्क्रीन. खालचा उजवा कोपरा जवळून उजळ होता, पण मागे भिंतीला टेकून पाहिलं तर जवळजवळ गेला. ग्लो. वरच्या डाव्या कडेला मात्र चार बोटं लांबीची एक फिकट पट्टी होती, ती कुठूनही पाहिलं तरी तिथेच. ते खरं ब्लीड. लॅम्प लावून सिनेमा चालवला तर ते शोधूनही सापडेना. पिक्सेल सगळे शाबूत.

अथर्वला वाटलं, झालं, ठेवून घेऊ. मी त्याला मधल्या राखाडीवर क्लिक करायला लावलं आणि दोन पावलं मागे बोलावलं. उजवा तिसरा हिस्सा डावीपेक्षा मळकट होता. पांढऱ्यावर तीच बाजू किंचित पिवळट, जुन्या कागदासारखी. काळ्या वॉलपेपरवर आणि डार्क थीमवर हे कधीच कळलं नसतं.

हळूहळू बदलणारा उजेड डोळ्याला पकडता येत नाही, डोळा फसतो. म्हणून एक युक्ती: नोटपॅडची एक छोटी पांढरी खिडकी अगदी डावीकडे आणि तेवढीच दुसरी अगदी उजवीकडे ठेवा, बाकी स्क्रीन काळा, आणि दोघांकडे आळीपाळीने बघा. मधला भाग नसला की फरक लगेच कळतो.

आकड्यांत बघायचं तर मोबाइलवर लक्स मोजणारं एखादं फुकट ॲप घ्या. बहुतेक मोबाइलचा प्रकाशसेन्सर वर, इअरपीसजवळ असतो. मोबाइलची स्वतःची चमक अगदी कमी करा, पांढरा स्क्रीन लावा, मोबाइलचं तोंड मॉनिटरकडे करून दोन बोटांच्या अंतरावर धरा आणि नऊ जागी, म्हणजे तीन ओळींत तीन-तीन, आकडा घ्या. तोंड पलीकडे असल्याने आकडा दिसत नाही, म्हणून मोबाइलवर स्क्रीन रेकॉर्डिंग लावून ठेवा आणि नंतर बघा. सेन्सर डिस्प्लेच्या खाली लपवलेला असेल तर तो मोबाइलचाच उजेड मोजतो, तिथे ही युक्ती चालत नाही. आणि हे आकडे खरे लक्स म्हणून धरू नका. फक्त एकमेकांशी तुलना करायची.

अथर्वच्या मॉनिटरवर मध्याला 212 आला. डाव्या मध्याला 204, वरच्या डाव्या कोपऱ्याला 186, उजव्या मध्याला 171 आणि खालच्या उजव्या कोपऱ्याला 163. मध्याच्या तुलनेत डावी कड चार टक्के खाली, उजवी कड एकोणीस टक्के खाली आणि तो कोपरा तेवीस टक्के. घरगुती किमतीच्या मॉनिटरवर कोपरे मध्यापेक्षा दहा-पंधरा टक्के मंद असणं रोजचंच आहे, आणि चारही बाजू सारख्याच उतरत असतील तर डोळ्याला ते जाणवतही नाही. इथे गोची एकतर्फी उताराची होती. डावी-उजवी एवढी वेगळी, वर छटाही निराळी. दिवसभर पांढऱ्या पानावर बारीक रेघा काढणाऱ्या मुलाला हे खुपणारच. फक्त गेम खेळणारा असता तर मी त्याला ठेव म्हटलं असतं.

तक्रारीत त्याने कोपऱ्यातल्या उजेडाचा शब्दही काढला नाही. "पांढऱ्या स्क्रीनवर उजवी बाजू मंद आणि पिवळट, डाव्या बाजूशी फरक स्पष्ट" एवढंच लिहिलं आणि पांढऱ्या स्क्रीनचा, एक्सपोजर लॉक केलेला, समोरून काढलेला फोटो जोडला. ग्लोचा फोटो जोडला असता तर "हे या पॅनेलमध्ये नॉर्मल आहे" असं उत्तर येऊन तक्रार तिथेच बंद झाली असती. पांढऱ्याचा फोटो दिवसाउजेडीही पटतो, तंत्रज्ञ भरदुपारी आला तरी त्याला दाखवता येतो.

नाही म्हणाले तर

सदोष माल परत घ्यायला विक्रेत्याला नकार देता येत नाही, हे 2020 च्या ई-कॉमर्स ग्राहक संरक्षण नियमांत आहे. वाद फक्त याला दोष म्हणायचं की नाही यावर होतो. म्हणून फोनवर भांडण्यापेक्षा ॲपमधल्या चॅटवर किंवा ईमेलवर लेखी द्या, म्हणजे तारीख नोंदली जाते. मुदत संपायच्या आत तक्रार नोंदवलेली असली की पुढचं बोलणं सोपं जातं. तरीही हात वर केले तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन 1915 वर नोंद करा.

मागचे स्क्रू सैल करून किंवा चौकट पिळून ब्लीड कमी करायचे व्हिडिओ खूप फिरतात. मुदतीत असताना तो उद्योग करू नका. चौकटीवर नखाचा ओरखडा दिसला तरी परतावा नाकारायला तेवढं पुरतं.

बदली पीस येताना

इथे एक अडचण आहे. बरेचदा नवीन पीस आणणारा मुलगा दारातच जुना घेऊन जातो. दोन्ही शेजारी लावून बघायला मिळत नाहीत. म्हणून बदली मागायच्या आधी जुन्या पीसचे आकडे, पिक्सेलची नोंद आणि फोटो जपून ठेवा. जुन्यात एकही पिक्सेल मेलेला नसेल आणि तक्रार फक्त किरकोळ ब्लीडची असेल, तर बदली मागू नका. नव्यात ग्लो तोच येईल, वर एखादा मेलेला पिक्सेल मिळाला तर सौदा आतबट्ट्याचा झाला.

अथर्वच्या बदली पीसमध्ये उजवी कड मध्यापेक्षा नऊ टक्के खाली निघाली, डावी सात. कोपऱ्यातला ग्लो अर्थातच जसाच्या तसा. शिवाय खालच्या पट्टीजवळ एक लाल उपपिक्सेल अडकलेला आहे, पण टास्कबारच्या आड येतो, म्हणून त्याने ठेवून घेतला. तुमचा बदली पीस आला की ऑर्डरच्या पानावर परतीची नवी तारीख दिसते का ते त्याच दिवशी बघा. काही ठिकाणी बदलीला पुन्हा मुदत मिळते, काही ठिकाणी पहिल्याच डिलिव्हरीची तारीख चालू राहते, आणि तसं असेल तर ही सगळी तपासणी त्याच रात्री उरकायची.